शेवटच्या पाण्यात डेटॉल: रोजच्या कपड्यांना खरंच लागतं का?

पडवी

रत्नागिरीजवळ राहते. घरात सहा माणसं, त्यात एक दोन वर्षांची लेक. पाणी विहिरीचं. मशीन वरून कपडे टाकायचं, फुल ऑटोमॅटिक.

करोनाच्या वर्षी घरात एक पद्धत पडली ती अजून चालू आहे. शेवटच्या खंगाळण्याच्या वेळी मशीन थांबवायचं, डेटॉलचं एक झाकण ओतायचं आणि पुन्हा चालू करायचं. सासूबाईंचा यावर कटाक्ष आहे. मी इतकी वर्षं काही बोलले नाही. पण आता आषाढ लागला आणि टॉवेलांना तो ओळखीचा कुबट वास सुरू झाला. डेटॉल घालूनही वास येतोच. नवऱ्याचं म्हणणं, मग दोन झाकणं घाल.

माझा प्रश्न साधा आहे. घरात कोणी आजारी नाही, रोजचेच कपडे आहेत, तर हे झाकण लागतं का? आणि लागत असेल तर वास का जात नाही?

अप्पा_गुहागर

लागतं. आम्ही लॉकडाऊनपासून घालतोय, घरात एकदाही कुणाला त्वचेचं काही झालं नाही. बाटलीवरच लिहिलंय, ९९.९ टक्के जंतू मरतात. पावसात ऊन नसतं, म्हणजे जंतू मारायला दुसरं कोण आहे? उन्हाळ्यात मी घालत नाही, पावसाळ्यात घालतो. तुमचं एक झाकण कमी पडत असणार.

नानू_मालवण

पावसात कपडे सुकत नाय ता काय आजचा नाय. आमची आवस चुलीच्या वर दोरयेर सुकत घाली. धुराचो वास येय, पण कुबट वास नाय.

बाकी मशीन कुठल्या कंपनीचा घेतलास ता सांग. आमचा जुना बिघडला हा, नया घेवचा हा.

पडवी

नानूकाका, मशीनचं नंतर सांगते. आधी हे मिटू दे. :)

सुरंगी

मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आता वेंगुर्ल्याला असते. रोजच्या कपड्यांना याची गरज नाही. आणि अप्पा म्हणतात त्यातला अर्धा भाग बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाटलीतलं द्रव्य जंतू मारतं हे खरं. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं, ४.८ टक्के. म्हणजे एका मिलिलिटरला ४८ मिलिग्रॅम. पण ते किती पाण्यात पडतंय ते बघा. तुमच्या मशीनमध्ये खंगाळताना साधारण ४० लिटर पाणी असेल. झाकणभर म्हणजे १० मिलिलिटर धरूया. ४८० मिलिग्रॅम औषध ४० लिटरमध्ये पसरलं, तर लिटरला १२ मिलिग्रॅम झालं. बाटलीतलं औषध चार हजारपट पातळ झालं. जखम धुवायला हेच आपण साधारण वीसपट पाण्यात घालतो. मशीनमध्ये तेवढा जोर हवा असेल तर एका खेपेला दोन लिटर औषध ओतावं लागेल. नवऱ्याचं दुसरं झाकण घातलंत तर चार हजारपटचं दोन हजारपट होईल, एवढंच.

शिवाय त्याला वेळ मिळत नाही. शेवटचं पाणी पाच-सात मिनिटं फिरतं आणि निचरतं. कपड्यात राहिलेला साबण आणि अंगाचं तेलही औषधाचा काही भाग अडवून धरतं. बाटलीवरचा आकडा असल्या पातळ पाण्यातल्या ओल्या टॉवेलांवर काढलेला नसतो. मग त्या झाकणातून उरतो तो मुख्यतः वास, आणि त्या वासाला आपण स्वच्छता समजतो.

आता दुसरा अर्धा भाग. ऊन नाही म्हणून कपड्यावर जंतू वाढतात हे अप्पांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण उपाय त्या ठिकाणी नाही.

अप्पा_गुहागर

दोन लिटर हा हिशोब वकिली वाटतोय. जखमेत आणि बनियनमध्ये फरक आहे. बनियनला तेवढा जोर नकोच.

सुरंगी

हेच तर म्हणतेय अप्पा. बनियनला तेवढा जोर नको, कारण बनियन निर्जंतुक असण्याची गरजच नाही. धुण्यात जंतू मरण्यापेक्षा सुटून वाहून जातात. पावडर तेल आणि मळ सोडवते, ड्रम घासतो, पाणी घेऊन जातं. थोडे उरतात. धडधाकट माणसाच्या कातडीवर त्याहून कितीतरी जास्त कायमच असतात, घड्या घालून कपाटात ठेवेपर्यंत आपल्या हातांनीही पुन्हा लागतात.

केया_अलिबाग

माझ्याकडे मांजर आहे. पशुवैद्यांनी सांगितलं होतं की फिनॉल जातीची रसायनं मांजरांच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि क्लोरोझायलेनॉल त्यातलंच. ती धुतलेल्या चादरींवर झोपते आणि मग अंग चाटते. आम्ही तेव्हापासून बंद केलं, फरशी पुसतानाही. मांजरवाल्यांनी लक्षात ठेवा.

बाळाच्या लंगोटांनाही मी घातलं नाही. दुपट्यात उरलेलं औषध ओल्या कातडीला दिवसभर चिकटून राहणार, ते कशाला?

पडवी

माझ्या लेकीला मांडीवर अधूनमधून लाल चट्टे येतात. डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनी मलम दिलं आणि साबण बदला म्हणाले. डेटॉलचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी सांगते.

सुरंगीताई, मग वास कशाचा?

सुरंगी

डॉक्टरांना नक्की सांगा. चट्टे त्यामुळेच आहेत असं मी इथून म्हणणार नाही, पण शंकेच्या यादीतून एक नाव कमी करणं सोपं आहे, आधी लेकीचे कपडे बिनऔषधाचे धुवा.

वासाबद्दल. धुतलेल्या, अर्धवट ओल्या कपड्याचा तो कुबट वास काढणारा एक जंतू जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये नेमका पकडला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. बाई चिवट आहे, सुकण्याला दाद देत नाही. कपड्यात उरलेलं अंगाचं तेल खाते आणि त्यातून तो वासाचा आम्ल पदार्थ तयार होतो. म्हणून सुकलेला टॉवेल हुंगला तर काही नाही, आणि अंघोळीनंतर अंग पुसलं की दोन मिनिटांत वास. तुमच्याकडे असंच होतं का?

म्हणजे वासाला दोन गोष्टी लागतात. कपड्यात उरलेलं खाद्य, आणि कित्येक तास टिकणारी ओल. एक झाकण औषध या दोन्हींपैकी कशालाच हात लावत नाही.

मला चार गोष्टी सांगा. पावडर किती घालता? ड्रम किती भरता? कपडे मशीनमधून कधी काढता? आणि विहिरीचं पाणी खारं आहे की गोडं?

पडवी

हो, अगदी असंच होतं! कपाटातला टॉवेल छान असतो, आणि वापरला की वास.

पावडर: कामाला येणाऱ्या काकू घालतात, वाटीने. माप कधीच हरवलंय. ड्रम पावसात पूर्ण भरतो, कारण कपडे साठतात. मशीन रात्री लावतो, सकाळी काढतो. पाणी गोडं, जांभ्यातलं. बादली मात्र तळाशी जरा तांबूस होते.

सुरंगी

मग एक चाचणी करा. कपाटातले "स्वच्छ" असे दोन-तीन टॉवेल काढा. रिकाम्या मशीनमध्ये नुसत्या साध्या पाण्यात फिरवा. पावडर नाही, काही नाही. पाच मिनिटांनी झाकण उघडून बघा. फेस आला तर तो जुन्या पावडरीचा. आणि पाणी गढूळ झालं तर टॉवेलात काय काय आहे ते दिसेलच. जमलं तर पाणी कोमट घ्या.

दर्याकाठी_हर्णै

आम्ही होमस्टे चालवतो, पाहुण्यांच्या चादरी-टॉवेल रोज असतात. आमचा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे पांढऱ्या चादरींना आधी ब्लीच वापरायचो, म्हणजे घरगुती सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या पावसात चादरींवर तपकिरी डाग पडायला लागले. मला वाटलं मशीन गंजलं. मेकॅनिक म्हणाला, ड्रम चकचकीत आहे, पाण्यात लोह आहे. ब्लीच घातलं की पाण्यात विरघळलेलं लोह गंजासारखं बाहेर पडतं आणि सुतात बसतं. आता आम्ही पांढऱ्यांना ऑक्सिजनवालं ब्लीच वापरतो आणि लोह बसायला टाकी ठेवली आहे. जांभ्याच्या भागात राहणाऱ्यांनी क्लोरीन ब्लीच जपून वापरा, आधी एका जुन्या फडक्यावर बघा.

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मात्र थोडं खारं होतं. त्या पाण्यात धुतलेल्या चादरी सुकतच नाहीत. वाऱ्यावर दोन तास असल्या तरी हाताला दमट लागतात.

सुरंगी

दर्याकाठी, खारट पाण्याचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. सुतात मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढतं. आपल्याकडे पावसात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, त्या हवेत मीठ स्वतःच पाघळतं, मिठाच्या भांड्यात बघतोच आपण. तेव्हा कपडा पूर्ण सुकतो कधी? खारं पाणी असलेल्यांनी शेवटचं एक पाणी तरी गोडं घ्यावं, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तमच.

आणि हो, पडवीला मी जे पावडरीबद्दल सांगणार आहे ते खाऱ्या पाण्याला जसंच्या तसं लागू नाही. खाऱ्या पाण्यात फेस कमी येतो, पावडर कमी करून चालत नाही.

निशिगंध

मला माझं विचारायचं आहे. मुलाला जांघेत नायटा झालाय, चिपळूणला हॉस्टेलला असतो. तो म्हणाला, कपडे डेटॉलमध्ये भिजवतो. त्याने जाईल ना? की शेवटच्या पाण्यात घालणं बरं?

सुरंगी

निशिगंध, हा वेगळा प्रश्न आहे, पण विचारलंत ते बरं केलंत. नायटा बुरशीचा असतो आणि तिचे बीजाणू चिवट. शेवटच्या पाण्यातलं झाकण तिथे भरवशाचं नाही. कपड्यांना हवी ती उष्णता: साठ अंशांच्या पाण्यात धुणं, किंवा सुती कपडे उकळणं, पूर्ण वाळवून आतल्या बाजूने कडक इस्त्री करणं. चड्ड्या सैल आणि सुती असाव्यात. टॉवेल कुणाबरोबर वाटून घ्यायचा नाही, हॉस्टेलमध्ये हे मुद्दाम सांगा. पण कपड्यांनी नायटा बरा होत नाही, औषध डॉक्टरांनी दिलेलंच, आणि मधेच सोडायचं नाही.

निशिगंध

तिथे साठ अंश कुठून आणणार? गार पाण्याचा नळ आहे.

सुरंगी

मग इस्त्री आणि ऊन. मिळेल तसं. हॉस्टेलला इस्त्री करून देणारा असतोच, त्याला जाड कपड्याची कडक इस्त्री सांगायला सांगा.

अप्पा_गुहागर

मग तुम्हीच मान्य करताय की आजारात जंतू मारावे लागतात! म्हणजे औषधाचा उपयोग आहे.

सुरंगी

आजारात आहे, अप्पा, मात्र त्या वेळेला त्या कामाचं हत्यार घ्यायचं. घरात कुणाला जुलाब-उलटी झाली आणि चादर भरली, तर आधी हातमोजे घालून घाण काढून टाकायची, मग ती चादर बाकीच्यांपासून वेगळी, गरम पाण्यात. जुलाबाचे काही विषाणू असे आहेत की डेटॉल जातीच्या औषधाला जुमानत नाहीत. तिथे सुती पांढऱ्याला पातळ केलेलं ब्लीच चालतं (लोहाची खबरदारी वर आलीच आहे), रंगीत सुतीला उकळणं. ज्यांच्याकडे न्हाणीत अजून हंडा आहे त्यांना दहा मिनिटं उकळायला वेगळी सोय लागत नाही. आणि कधीही, कधीही ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

जखमेची पट्टी, मधुमेही पायाचे मोजे, केमो चालू असलेलं माणूस, अशा घरांत डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. मी रोजच्या सहा माणसांच्या कपड्यांबद्दल बोलतेय.

केया_अलिबाग

आणि ती कपड्यांची वेगळी सॅनिटायझर मिळतात ती? माझी नणंद तीच घालते, म्हणते की हे डेटॉल नव्हे, कपड्यांसाठीच बनवलंय.

सुरंगी

त्यात बहुतेक बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी द्रव्यं असतात. शेवटच्या पाण्यासाठी बनवलेली आहेत, म्हणून त्यांच्या मात्रेचा आणि भिजवण्याच्या वेळेचा काही अर्थ आहे. ती मात्रा आणि वेळ पाळली तर ती काम करतात. लोक मात्र सवयीप्रमाणे एक झाकण घालतात आणि मशीन लगेच सोडतात. पुन्हा तोच प्रश्न, गरज कुणाला? आणि हीही मांजरांना चांगली नाहीत.

यावरून एक आठवलं. ही द्रव्यं, सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड आणि आपलं फॅब्रिक कंडिशनर, ही सगळी धन भाराची. पावडर आणि साबण ऋण भाराचे. दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. शेवटच्या पाण्यात साबण उरला असेल तर तेवढं औषध तिथेच संपलं. डेटॉलमध्ये स्वतःचाच साबण असतो, म्हणून ते कंडिशनरच्या कप्प्यात कंडिशनरबरोबर घालू नका.

दर्याकाठी_हर्णै

ओहो! मी एका सीझनला असं घातलं होतं, औषध आणि कंडिशनर एकाच कप्प्यात. कप्पा पांढऱ्या चिकट थराने भरला, नळी तुंबली. मेकॅनिकला दोन खेपा कराव्या लागल्या, तेव्हा कळेना कशाने. पाहुण्यांच्या काळ्या टी-शर्टवर ठिपके पडले ते वेगळंच. आता कळलं.

पडवी

चाचणी केली. कपाटातले तीन टॉवेल, साधं कोमट पाणी. पाच मिनिटांत ड्रमभर फेस! आणि पाणी चहासारखं नाही, पण धुवट पांढरं. आई (माझी, सासूबाई नव्हे) फोनवर म्हणाली, हा फेस कुठून आला, पावडर टाकलीच नाहीस तर? मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे.

सुरंगी

उत्तर तुमच्या समोरच आहे. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी. जड पाण्यासाठी जितकी पावडर लागते त्यापेक्षा बरीच कमी तुम्हाला पुरते. वाटीभर घातली की फेस एवढा होतो की कपडे एकमेकांवर घासतच नाहीत, फेसावर तरंगतात. मळ निघत नाही, पावडर निघत नाही. ड्रम गच्च, म्हणजे पाणी शिरायलाही जागा नाही. मग रात्रभर बंद मशीनमध्ये ओले. मोराक्सेलाबाईंसाठी जेवण, पाणी आणि निवारा, तिन्ही.

आधी जुनं काढा. बादलीत गिझरचं कडक पाणी घ्या, चटका बसेल असं, साठ अंशांच्या आसपास. त्यात दोन-तीन चमचे ऑक्सिजन ब्लीच, सोडियम परकार्बोनेट. चाळीस अंशांच्या खाली ते फारसं काम करत नाही, म्हणून पाणी गरमच. सुती टॉवेल, पांढरे किंवा पक्क्या रंगाचे, चार-पाच तास बुडवून ठेवा. लोकर आणि रेशीम यात नको. मग मशीनमध्ये पावडर न घालता धुवा, खंगाळणं एकदा जास्त लावा. पाणी निवळ आलं की झालं, नाहीतर पुन्हा साधं पाणी.

पुढच्या खेपेपासून ड्रमचा वरचा चौथा भाग रिकामा ठेवा. पावडर पाकिटावर सांगितलेल्यापेक्षा निम्म्याने सुरू करा, शेवटच्या पाण्यात फेस दिसतो का बघा. दिसला नाही आणि टॉवेल मऊ आला तर तेच तुमचं माप. मळकट कपड्यांना थोडी वाढवा.

पडवी

हे काकूंना कोण सांगणार?

सुरंगी

मापाचा चमचा द्या, वाटी काढून घ्या.

अप्पा_गुहागर

आणि रात्री मशीन लावायचं नाही का? आमच्याकडे दिवसा पाण्याची वेळ ठरलेली असते.

दर्याकाठी_हर्णै

पहाटे लावा, संपलं की काढा. वीज गेली आणि कपडे ओले पडून राहिले तर आम्ही तीच खेप परत धुतो, नाहीतर वास पुढच्या धुण्यापर्यंत राहतो. मशीनचं झाकणही उघडं ठेवतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्याने चालवतो. पुढून कपडे घालायच्या मशीनमधल्या रबराच्या घडीत बोट घालून बघा, काळा चिकट थर असतो. तो वास कपड्यांनाही लागतो.

नानू_मालवण

सुकवच्याचा बोला. कपडे पडवीत घालूचे आणि भिंतीक चिकटवूचे नाय. एकाआड एक. पंखो लावा, पावसाच्या दिवसात विजेचा बिल थोडा वाढात, पण कपडे सुकतले.

सुरंगी

नानूकाकांनी यातलं सगळ्यात उपयोगी सांगितलं. मशीनमधून काढताना पिळण्याची फेरी जास्तीची लावा, मग झटका मारून वाळत घाला, टॉवेल दुहेरी घालू नका, चिमटे कोपऱ्यांना लावा म्हणजे मधून वारा जातो. जाड जीन्स उलटी करा, खिसे बाहेर. वारा सरळ कपड्यांवर असावा, छतावर नव्हे. रात्रीपर्यंत ओल राहिली तर इस्त्रीने शेवट करा. उन्हाची एखादी उघडीप मिळाली तर आधी टॉवेल आणि आतले कपडे, साड्या नंतर.

केया_अलिबाग

आमच्याकडे न्हाणीचं पाणी केळीला जातं, त्यामुळेही बंद केलं. केळीला काय होतं माहीत नाही, पण खाली तळं आहे, माशांना ते रसायन चांगलं नाही एवढं माहीत आहे.

अप्पा_गुहागर

आमचं माडाच्या आळ्यात जातं. माड तर भरभरून देतोय.

पडवी

पहिलं धुणं झालं. टॉवेल गरम पाण्यात भिजवून काढले तेव्हा बादलीतलं पाणी राखाडी झालं होतं, सासूबाईंनी स्वतः बघितलं. मापाच्या चमच्याने निम्मी पावडर, ड्रम पाऊणच भरला, पडवीत पंख्याखाली टॉवेल. डेटॉल घातलं नाही. सासूबाईंना आधी सांगितलं की हे फक्त टॉवेलांपुरतं. अंग पुसल्यावर वास आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण नवऱ्याचे पॉलिएस्टरचे खेळायचे टी-शर्ट आहेत, ते तसेच आहेत. तेही भिजवले, तेही निम्म्या पावडरीने धुतले. अंगावर घातले की काखेत वास.

सुरंगी

टॉवेलचं ऐकून बरं वाटलं. टी-शर्टांचं अवघड आहे. पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं आणि त्यावर काखेतल्या घामाचे वेगळेच जंतू जास्त रमतात. घामट टी-शर्ट बास्केटमध्ये गोळा करून ठेवू नका, लगेच पाण्यातून काढून वाळत घाला, मग धुवा. धुताना उलटे करा, काखेत साबण लावून पाच मिनिटं थांबा. काहींचा वास याने जातो, काहींचा जात नाही. जुने असतील तर मला आशा कमी.

अप्पा_गुहागर

पॉलिएस्टर न घेणं हा उपाय कुणी लिहिला नाही. आणि मी पावसाळ्यात घालतच राहणार, वासासाठी म्हणा. आमच्या घरी तो वास आला की आई म्हणायची, कपडे स्वच्छ झाले. तेवढं माझं राहू दे.

सुरंगी

राहू दे अप्पा. मांजर नाही ना घरात?

अप्पा_गुहागर

एक बोका आहे, पण तो आमचा नाही, येऊन-जाऊन असतो. त्याची जागा चादरीवर नाही, ओट्यावर आहे.

निशिगंध

मुलाच्या हॉस्टेलची खबर: इस्त्रीवाल्याने कडक इस्त्री मान्य केली. डॉक्टरांच्या औषधाने खाज कमी आहे. एक प्रश्न राहिला. आमच्या घरी सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, तिथे फेसाची चाचणी कशी करायची? त्यात पाणी आपणच भरतो.

दर्याकाठी_हर्णै

तिथे तर सोपी. धुण्याच्या टबात स्वच्छ पाणी भरा, टॉवेल टाका, टायमर फिरवा, झाकण उघडून बघा. फेस आला तर ते पाणी सोडून पुन्हा भरा. सेमीमध्ये लोक धुणं झालं की एकच पाणी बदलतात, तिथेच पावडर राहते. दोन वेळा तरी बदला.

पडवी

नानूकाका, तुमच्या मशीनचं विचारायचं राहिलं. घरात माणसं किती, आणि पाणी विहिरीचं की नळाचं?